पहिल्या ओळीत काय लिहावे?

लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीला 220 अक्षरांची मर्यादा आहे, पण शोधयादीत आणि मोबाइलवर तिचा शेपटाकडचा भाग अनेकदा कापला जातो. म्हणून स्वतंत्र व्यावसायिकाने कामाचे सार सुरुवातीलाच द्यावे लागते.

समजा, एखादी अनुवादिका ‘अनुवादक, लेखिका, भाषाप्रेमी’ असे लिहिते. यातून ग्राहकाला काहीच ठरवता येत नाही. भाषाप्रेमाचे पैसे तर कोणी देत नाही. त्याऐवजी ‘औषध कंपन्यांसाठी रुग्णपत्रकांचा इंग्रजीतून मराठी अनुवाद’ म्हटले की सेवा आणि ग्राहक दोन्ही कळतात. इतर कामे हातची जातील या भीतीने ओळ पुन्हा पसरट केली जाते. ती कामे खाली, तपशिलात नोंदवता येतात.

परिणाम दाखवणे सर्वांत अवघड. अनुवादामुळे विक्री किती वाढली हे अनुवादिकेला सहसा कळतच नाही, त्यामुळे तशी टक्केवारी देऊ नये. मूळ परिच्छेद आणि त्याचा सुबोध अनुवाद शेजारी-शेजारी ठेवावा. ग्राहकाचा मजकूर गोपनीय असेल, तर नमुना स्वतः तयार करून तसे नमूद करावे.

तपासणीसाठी अनोळखी माणसाला पान पाच सेकंद दाखवून झाकावे आणि काम काय, कोणासाठी, हाती काय पडते, हे विचारावे. उत्तर नुसते ‘भाषेचे काहीतरी’ असे आले, तर पहिली ओळ बदलावी.