पन्नास बिलांची परीक्षा

बिलं वाचणारं सॉफ्टवेअर घेण्याआधी आपलीच पन्नास जुनी बिलं निवडावीत. विक्रेता दाखवतो ती स्वच्छ छापील असतात. आपल्याकडे शिक्क्याखाली दबलेली, हाताने लिहिलेलीही येतात. दोघांनी ती स्वतंत्रपणे भरून फरक मूळ बिलावरून मिटवावेत. ही झाली उत्तरपत्रिका, आणि माणसाच्या चुकाही त्यातच कळतात.

अचूकता रकान्यागणिक मोजावी. जीएसटी क्रमांकाचं पंधरावं अक्षर पडताळणीचं असल्याने ‘0’चा ‘O’ झाला तर पकडता येतो. रक्कम नि कर यांची बेरीज जुळवता येते. बिल क्रमांकाला मात्र असा पहारेकरी नाही. तिथली चूक गुपचूप आत जाते.

वेळेत तपासणी धरावीच. समजा, हाताने बिलाला तीन मिनिटं, म्हणजे एकूण १५०. सॉफ्टवेअरनंतर ३५ स्वच्छ बिलं तपासायला मिनिटभर, १५ खराब बिलं दुरुस्त करायला चार-चार मिनिटं: एकूण ९५. खराब बिलांवर उलट वेळ वाढला! ती थेट हातानेच भरली, तर ८० मिनिटांत काम आटोपतं. अर्थात, गठ्ठा वेगळा करणारा माणूस लागेलच.