अडीच लाखांच्या ओळीत दडलेला खडक

‘प्रवासखर्च : क्षेत्रभेटींसाठी आवश्यक. 2,50,000 रुपये.’

संशोधन प्रकल्पाच्या अर्जात अशी ओळ हमखास सापडते. तिच्या वर मनुष्यबळ, उपकरणे आणि रसायने, खाली आकस्मिक खर्च, आणि प्रत्येक आकड्यापुढे ‘प्रकल्पासाठी आवश्यक’ हे शब्द. याला बजेट जस्टिफिकेशन म्हणतात, म्हणजे मागितलेल्या पैशाचे समर्थन. पण या ओळीने कशाचेच समर्थन केलेले नाही. कुठे जायचे, किती वेळा, कशासाठी आणि तिथून काय आणायचे, हे तिला ठाऊकच नाही. ही एक ओळ नीट लिहायला बसलो, की तिच्यातून आधी खडक बाहेर येतो, मग पाऊस, मग मोजणीच्या यंत्रातला एक स्फटिक. ते पाहताना मी दर वेळी चकित होतो.

उदाहरण आपल्याच भागातले घेऊ. नांदेड जिल्ह्याचा बराचसा भाग बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर उभा आहे. पण पूर्वेकडे किनवटसारख्या भागात तो लाव्हाचा थर संपतो आणि खालचा फार जुना ग्रॅनाइट-नाइस उघडा पडतो. या खडकातल्या काही खनिजांत फ्लोराइड असते आणि ते झिरपत भूजलात उतरते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक (आयएस 10500) लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकार्य मानते आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेते. त्यापुढे वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेले तर आधी दातांवर डाग येतात, मग हाडे धरतात. लातूरकडे मात्र सगळा बेसॉल्टच.

समजा, नांदेडच्या एका महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना शोधायचे आहे, की किनवट भागातल्या विहिरी-बोअरमध्ये फ्लोराइड पावसाआधी वाढते का आणि पावसानंतर उतरते का? मुदत दोन वर्षांची. अर्ज पूर्वीच्या ‘सर्ब’च्या जागी आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे जावो की दुसऱ्या कुठल्या संस्थेकडे, समर्थन मागितले जातेच. प्राध्यापकांच्या पहिल्या मसुद्यात प्रवासाचे ते अडीच लाख आहेत. आपण ती ओळ पुन्हा लिहू. प्रकल्प काल्पनिक आहे आणि गाडी-मुक्कामाचे दर मी हिशेबापुरते धरले आहेत. पद्धत मात्र खरी आहे.

सुरुवात पैशापासून करायची नाही, कामापासून करायची. किनवट भागातल्या ग्रॅनाइटवरचे 30 स्रोत आणि तुलनेसाठी लातूरजवळच्या बेसॉल्टवरचे 10, असे 40. वर्षातून दोन फेऱ्या : मे महिन्यात पाणी सगळ्यात खाली गेलेले असताना आणि नोव्हेंबरमध्ये पावसाचे पाणी मुरून झाल्यावर. दोन वर्षांत चार फेऱ्या झाल्या. एका दिवसात दहा स्रोत नीट होतात, कारण प्रत्येक ठिकाणी पंप थोडा वेळ चालवून साचलेले पाणी काढून टाकावे लागते, सामू तिथेच मोजावा लागतो आणि बाटलीवर नोंद करावी लागते. म्हणजे एका फेरीत किनवटचे तीन दिवस, लातूरचा एक. चार फेऱ्यांचे गाडीचे 16 दिवस. चालक आणि डिझेल धरून दिवसाला 4,500 रुपये, म्हणजे 72,000. किनवटला दोघांचा दोन रात्रींचा मुक्काम, चार फेऱ्या, दर रात्री माणशी 1,200, म्हणजे 19,200. एकूण 91,200 रुपये.

अडीच लाखांचे एक्क्याण्णव हजार झाले. उरलेल्या रकमेला कुठलेही काम चिकटलेले नव्हते. बहुतेक वेळा असा गोल आकडा कुणाच्या तरी जुन्या अर्जातून चालत आलेला असतो.

आता नवी ओळ वाचा : ‘किनवट भागातील 30 आणि लातूर परिसरातील 10 स्रोतांचे नमुने मे व नोव्हेंबरमध्ये, चार फेऱ्यांत गोळा करणे (काम 1). प्रति फेरी गाडीचे 4 दिवस व दोघांचे 2 रात्रींचे मुक्काम. प्रति फेरी 22,800, एकूण 91,200 रुपये.’ या ओळीत भूगर्भशास्त्र आहे, ऋतू आहे आणि एका फेरीची किंमतही आहे. ही किंमत कळणे फार मोलाचे. समितीने रकमेला कात्री लावली तर प्राध्यापक सांगू शकतात, की एक फेरी गेली तर एका ऋतूची पुनरावृत्ती गेली आणि ‘पावसाने उतरते’ हे विधान एकाच वर्षाच्या पावसावर टेकले. उलट, हिवाळ्यातली एक जादा फेरी घ्यायची तर प्रवासाला किती लागतील तेही लगेच कळते. आधीच्या ओळीतून पन्नास हजार कापले असते तर नेमके काय गेले, हे ना देणाऱ्याला कळले असते ना घेणाऱ्याला.

पुढचा टप्पा रसायनांचा आणि इथे मला सगळ्यात जास्त मजा येते. फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडच्या टोकाला लँथॅनम फ्लोराइडचा छोटा स्फटिक असतो. त्याच्या जाळीतून फक्त फ्लोराइडचे आयन सरकतात, त्यातून विद्युत विभव तयार होते आणि त्यावरून पाण्यातले फ्लोराइड कळते. पण पाण्यात अ‍ॅल्युमिनियम किंवा लोह असेल तर ते फ्लोराइडला धरून ठेवते आणि स्फटिकाला ते दिसत नाही. म्हणून प्रत्येक नमुन्यात तितकेच टिसॅब नावाचे द्रावण मिसळतात. ते फ्लोराइडला मोकळे करते आणि सामू पाच ते साडेपाचच्या दरम्यान राखते. आता हिशेब आपोआप होतो. एका फेरीचे 40 नमुने, पडताळणीसाठी त्यातल्या चार स्रोतांचे दुबार नमुने, आणि रोज एक कोरा नमुना, म्हणजे बाटलीतून किंवा हाताळणीतून काही मिसळले नाही ना हे सांगणारे शुद्ध पाणी. असे 48. चार फेऱ्यांचे 192. प्रत्येकाची मोजणी दोनदा, दर वेळी 25 मिलिलिटर टिसॅब, म्हणजे 9.6 लिटर. प्रयोगशाळेतल्या 12 मोजणी-दिवसांत रोज पाच प्रमाण द्रावणांसाठी मिळून दीड लिटर. एकूण 11.1, सांडलवंड धरून 12 लिटर. ‘रसायने व काचसामान’ या ढोबळ शब्दांच्या जागी बारा लिटर आले, आणि ते तयार घ्यायचे की प्रयोगशाळेत बनवायचे हे दरपत्रकावरून ठरवता येते. काचसामानाचे तर नावच बदलायला हवे. फ्लोराइडचे नमुने काचेत ठेवत नाहीत, ते पॉलिथिनच्या बाटल्यांत ठेवतात. यादीत काचेच्या बाटल्या दिसल्या की जाणकार परीक्षक लगेच ओळखतो, की यादी दुसरीकडून उतरवलेली आहे.

असे एकेक ओळ कामाला बांधत गेलो की दोन प्रकारचे अनाथ सापडतात. पहिला प्रकार म्हणजे काम नसलेला खर्च. आपल्या मसुद्यात ईडीटीए हे रसायन होते. ते कॅल्शियम मोजायला लागते, पण कामांच्या यादीत कॅल्शियम कुठेच नव्हते. ओळ खोडायची का? थांबा. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी जोडी करून खाली बसते. कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असेल तर फ्लोराइड पाण्यात टिकून राहते. म्हणजे विहिरी-विहिरींत फरक का पडतो याचे उत्तर शोधायचे तर कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मोजायलाच हवे. खर्चाची ओळ बरोबर होती, पद्धतीतच काम लिहायचे राहिले होते. अंदाजपत्रकाने संशोधनाचा आराखडा दुरुस्त केला. संशोधक हा भाग शेवटच्या रात्री उरकतात याचे मला म्हणूनच वाईट वाटते.

मनुष्यबळाची ओळ सर्वांत मोठी आणि तीच सर्वांत कमी तपासली जाते. पूर्णवेळ जेआरएफला 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. घरभाडे शहराच्या वर्गावर ठरते : केंद्राच्या यादीत नांदेड-वाघाळा ‘वाय’ वर्गात आणि लातूर ‘झेड’ वर्गात. सध्याच्या 20 आणि 10 टक्के दरांनी तोच फेलो नांदेडला महिना 7,400 आणि लातूरला 3,700 रुपये घरभाडे घेईल. दोन वर्षांत 88,800 रुपयांचा फरक. फेलो नेमका कुठे बसून काम करणार, हे लिहिल्याशिवाय ही ओळ बरोबर येऊच शकत नाही, आणि आपल्या संस्थेला कोणता दर लागू आहे हे लेखा विभागाला विचारूनच ती भरावी.

पण त्याहून मोठा प्रश्न दिवसांचा आहे. क्षेत्राचे 16, फ्लोराइड मोजणीचे 12, कॅल्शियम-बायकार्बोनेटचे साधारण 10. चाळीस दिवसही भरत नाहीत आणि मागणी चोवीस महिन्यांच्या फेलोची आहे. इथे प्रामाणिक मार्ग दोनच. एक तर कमी मुदतीचा सहायक मागायचा. नाहीतर फेलो खरोखर जे बाकीचे काम करणार आहे ते लिहायचे : स्रोत निवडण्याआधीची पाहणी, प्रत्येक बोअरची खोली आणि खडकाची नोंद, दर महिन्याला पाणीपातळी. पाणीपातळी लिहिली की लगेच दर महिन्याच्या प्रवासाचा खर्च मागे येतो आणि प्रवासाची ओळ पुन्हा उघडावी लागते. मला विचाराल तर या प्रकल्पाला पूर्णवेळ फेलो मागू नये. फेऱ्यांच्या काळापुरता सहायक आणि किनवटचा एक स्थानिक मदतनीस पुरेसा आहे, आणि परीक्षकालाही ते जास्त पटेल.

या पद्धतीला मर्यादा आहेत. वीज किंवा इंटरनेटचा खर्च एका नमुन्याला बांधता येत नाही. त्यासाठी ओव्हरहेड हे वेगळे शीर्ष असते आणि तिथे ओढूनताणून कारणे लावू नयेत. दरही दोन वर्षांत बदलतात. पण किती फेऱ्या आणि किती नमुने हे लिहिलेले असले, की दर बदलला तरी नवा आकडा काही मिनिटांत निघतो. वर्षअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे जीएफआर 12-ए, भरताना कमी-जास्त खर्चाचे कारणही त्याच ओळीतून सांगता येते.

आता राहिला दुसऱ्या प्रकारचा अनाथ. तो म्हणजे पैसे नसलेले काम, आणि तो शोधायला अर्ज उलटा वाचावा लागतो. पद्धतीतले प्रत्येक वाक्य घ्यायचे आणि विचारायचे, याचे पैसे कुठे आहेत? आपल्या मसुद्याच्या शेवटी एक सुंदर वाक्य होते : ‘निष्कर्ष ग्रामस्थांपर्यंत पोहोचवले जातील.’ अंदाजपत्रकात त्यासाठी एक रुपयाही नव्हता. किनवटला जादा एक फेरी, प्रत्येक स्रोताचे मराठीत छापलेले निकालपत्रक आणि ग्रामपंचायतीत एक बैठक, असे ते काम आहे आणि त्यालाही तीन दिवसांची गाडी लागते. ज्यांच्या बोअरमधून आपण चार वेळा पाणी नेले, त्यांना त्यांच्या पाण्याचा आकडा मिळालाच पाहिजे. तुमच्या अर्जात ही ओळ नसेल तर तो पाठवण्याआधी ती घाला.