मामा ‘होते’ की मामा ‘आहेत’?

एसटीच्या एका आगारात वाहक असलेला तरुण आमच्याच मजल्यावर राहतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो फुलस्केपचे दोन कागद घेऊन दारात उभा राहिला. “काका, वर्कशॉपचे मामा रिटायर होतायत. मानपत्र मी लिहिलंय. फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा.”

मी बरीच वर्षं मुद्रितं तपासण्याचं काम केलं आहे. ‘फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा’ असं म्हणून कागद देणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी असतात. चार लोकांत हसं होऊ नये ही एक, आणि आपलं लिहिणं या म्हाताऱ्याने पार बदलून टाकू नये ही दुसरी. दुसरी तो बोलून दाखवत नाही. म्हणून पहिलं वाचन मी हातात पेन्सिल न घेता करतो. लाल पेन तर अशा कागदाला लावतच नाही. पहिल्यांदाच काही लिहिलेल्या माणसाला तो लाल रंग शाळेत नेऊन बसवतो.

त्या पहिल्या वाचनात मला ऱ्हस्व-दीर्घ दिसलंच नाही. दिसलं ते असं: ‘मामा अत्यंत मनमिळाऊ होते. त्यांचा स्वभाव शांत होता. आज ते आपल्याला सोडून जात आहेत. त्यांच्या स्मृती सदैव आपल्या हृदयात राहतील.’

व्याकरणाच्या दृष्टीने या चार वाक्यांत एकही चूक नाही. पण हे कुणी दशक्रियेच्या दिवशी वाचलं असतं तरी खपून गेलं असतं. निवृत्तीच्या मानपत्रांचा हा सगळ्यात मोठा धोका, आणि शुद्धलेखनाचं कुठलंही पुस्तक तो दाखवत नाही. लिहिणाऱ्याच्या कानावर जाहीर गौरवाची भाषा बहुतेक वेळा श्रद्धांजलीतच पडलेली असते, तेव्हा लेखणी आपोआप तिकडे वळते.

यावर उपाय सोपा आहे, पण तो वाक्यागणिक करावा लागतो. प्रत्येक ‘होता-होते’पाशी थांबायचं आणि विचारायचं: हे नोकरीबरोबर संपलं की माणसाबरोबर आहे? ‘पहाटेची पहिली गाडी सुटायच्या आधी मामा पिटमध्ये उतरलेले असायचे’ हे संपलं, इथे भूतकाळच हवा. स्वभाव मात्र ३१ मेला संध्याकाळी निवृत्त होत नाही. म्हणून ‘मनमिळाऊ आहेत’. ‘सोडून जात आहेत’ याचं ‘आगारातून निवृत्त होत आहेत’ झालं. ‘स्मृती’ काढून ‘आठवणी’ केलं, आणि त्या हृदयात ठेवण्याऐवजी लेखकालाच विचारलं, “कुठली आठवण?” त्याने सांगितली ती पुढे येईलच. सगळे ‘होते’ सरसकट ‘आहेत’ करणाराही फसतो. मग ‘मामा आजही रात्रपाळी करतात’ असलं काहीतरी तयार होतं आणि सभागृहात हशा पिकतो.

दुसरा घोटाळा ‘आपण’चा होता. मराठीत ‘आपण’ म्हणजे समोरच्या आदरणीय माणसाला ‘तुम्ही’, आणि ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे. मूळ मजकूर असा: ‘आपण वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा भेटलो तेव्हा आपण गाडीखाली होता. आपल्या हातात पाना होता.’ पहिल्या ‘आपण’मध्ये दोघंही आले, दुसऱ्यात फक्त मामा. आणि पाना कुणाच्या हातात होता, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. त्यात मधूनच ‘तुमचा आधार वाटायचा’ आणि शेवटी ‘त्यांना दीर्घायुष्य लाभो’. एका पानात मामा समोर बसले, उठून दूर गेले आणि परत आले.

मानपत्र ज्याचं त्याच्याशी बोलतं, म्हणून ‘ते’ सगळे बाद. उरला प्रश्न ‘आपण’ की ‘तुम्ही’? मी विचारलं, “रोज त्यांना काय म्हणता?” म्हणाला, “मामा, तुम्ही. पण फ्रेम करायची आहे ना काका, आपण शोभून दिसतं.” त्याचं अगदीच चुकत नव्हतं, मानपत्रात ‘आपण’ म्हणायची पद्धत जुनी आहे. पण त्याचा मजकूर गाडीखालच्या माणसाविषयी होता, आणि ‘आपण’ आल्यावर त्याची वाक्यं परिपत्रकासारखी ताठ व्हायला लागत होती. दोन्ही रूपं मोठ्याने वाचून दाखवली. ‘तुम्ही’ ठरलं. एकदा ठरल्यावर क्रियापदंही तपासावी लागतात: ‘तुम्ही गाडीखाली होतात’, ‘तुम्ही शिकवलेत’. सर्वनाम बदललं आणि क्रियापद तसंच राहिलं, ही पेन्सिलवाल्याने स्वतः निर्माण केलेली चूक असते, आणि तीच त्याला शेवटपर्यंत दिसत नाही.

आदराच्या बाबतीत मराठीत एका टिंबावर फार भार आहे. कागदात तीन ठिकाणी ‘मामानी’ होतं. बोलताना आपण तसंच बोलतो, पण लिहिताना एकवचनी ‘मामाने’ आणि आदरार्थी ‘मामांनी’ यांच्यामधलं हे रूप कुठलंच नाही. तीच गत ‘साहेबानी’, ‘सर्वाना’, ‘कर्मचाऱ्याना’ यांची. हे अनुस्वार मी वेगळ्या फेरीत, दुसरं काही न बघता शोधतो.

मग नावं आणि आकडे. यासाठी एकट्याने वाचायचं नाही. ओळखीच्या नावात डोळ्याला चूक दिसत नाही, तो माणूस आठवतो आणि पुढे सरकतो. वाहकाला मी आगारातल्या हजेरीपत्रकावरून नावं उतरवून आणायला सांगितलं. त्याने एकेक नाव अक्षरं फोडून वाचायचं आणि मी कागदावर बोट ठेवायचं, असं केलं. एकच आडनाव वर ‘चव्हाण’ आणि खाली ‘चव्हान’ निघालं. एका महिला सहकाऱ्याच्या नावाआधी सवयीने ‘सौ.’ लागलं होतं. त्या स्वतः ‘श्रीमती’ लिहितात, तेव्हा तेच ठेवलं.

खरी अडचण खुद्द मामांच्या नावाची. कागदावर ‘रविंद्र’ होतं. रवि आणि इंद्र यांचा संधी होतो तेव्हा दोन ऱ्हस्व इकार मिळून दीर्घ होतो, म्हणून शब्द ‘रवींद्र’. मी पेन्सिल टेकवली आणि थांबलो. मामा सही कशी करतात? वाहकाने फोनमध्ये पगारपत्रकाचा फोटो दाखवला. छापील नावात ऱ्हस्व, खालच्या सहीतही ऱ्हस्व. तसंच ठेवलं. जो माणूस चौतीस वर्षं आपलं नाव एका तऱ्हेने लिहितो, त्याच्या निरोपाच्या दिवशी ते सुधारून त्याच्या हातात देणं मला जमलं नसतं. पण आधी विचारावं लागतं. न विचारता ठेवलेला ‘रविंद्र’ आणि विचारून ठेवलेला ‘रविंद्र’ छापल्यावर सारखेच दिसतात, तरी त्यात फरक आहे.

आकड्यांत ‘३५ वर्षांची प्रदीर्घ सेवा’ आणि ‘१ जून २०२५ रोजी निवृत्त’ असं होतं. मामा रुजू झाले ऑगस्ट १९९१ मध्ये. म्हणजे मे २०२५ अखेर ३३ वर्षं १० महिने. ‘जवळपास ३४ वर्षे’ केलं. वाहकाला एक वर्ष कमी झाल्याचं वाईट वाटलं, पण सभेत मामांच्या बरोबरीने लागलेले चार जण बसणार होते, ते बोटांवर मोजतात. तारखेचं कोडं जास्त मजेचं. मामांचा जन्मदिनांक १ जून १९६७. त्या पिढीत असे किती तरी लोक भेटतील. शाळेत नाव घालताना जन्माची नोंद नसली की गुरुजी वय अंदाजाने धरून १ जून टाकून मोकळे व्हायचे. आणि सरकारी सेवेतला नियम असा, की ज्या महिन्यात वयाची मर्यादा पूर्ण होते त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. पण जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. मामांच्या आदेशातही ३१ मे हीच तारीख होती. म्हणूनच ३१ मेला हारवाले आणि फ्रेमवाले इतके गडबडीत असतात.

इतकं झाल्यावर ऱ्हस्व-दीर्घाची फेरी. ती अर्ध्या तासात संपली, कारण मानपत्रात चुकणारे शब्द ठरलेले असतात. ‘आशिर्वाद’चं ‘आशीर्वाद’, ‘उज्वल’चं ‘उज्ज्वल’, ‘व्यक्तिमत्व’ला आणखी एक त, ‘कर्तुत्व’चं ‘कर्तृत्व’. ‘सेवानिवृत्ती’ एकटी असताना शेवट दीर्घ, पण ‘निवृत्तिवेतन’मध्ये ती संस्कृत समासाच्या पोटात गेल्यावर ऱ्हस्व. शंका आली की मी अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ उघडतो. त्यात सामान्यरूपंही मिळतात, आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो. ‘मेकॅनिक’, ‘पिट’, ‘ब्रेकडाउन’ यांना मी हात लावला नाही. ‘यंत्रकारागीर’ म्हटल्यावर मामांनीच मागे वळून पाहिलं असतं, कुणाला बोलावतायत म्हणून.

आता ती आठवण. घाटात बंद पडलेली मुक्कामी गाडी आणायला मामा रात्री गेले होते. वाहक नवा होता, घाबरलेला. मामांनी इंजिनावर कान लावला आणि म्हणाले, “गाडीला बोलतं कर. ती सांगती काय दुखतंय ते.” वाहकाने पहिल्या कागदात याचं ‘मामांनी मला तांत्रिक मार्गदर्शन केले’ असं करून टाकलं होतं. मी फक्त ते खोडलं आणि त्याने सांगितलेलं वाक्य त्याच्याच हातून लिहून घेतलं. ‘सांगती’ हे प्रमाण रूप नव्हे, ‘सांगते’ हवं. पण अवतरणचिन्हांच्या आत बोलणारा मामा आहे, तिथे माझी हद्द संपते. चिन्हाच्या बाहेर निवेदनात ‘केले, गेले’, आत ‘दुखतंय’, एवढी शिस्त पाळली म्हणजे ते अज्ञान वाटत नाही.

शेवटी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, कारण हा मजकूर भिंतीवर जाण्याआधी माइकवरून ऐकला जाणार असतो. साडेतीन मिनिटं लागली. दोन ठिकाणी त्याचा श्वास तुटला, तिथे वाक्यं तोडली. एका ठिकाणी आवाज अडकला. तिथे काही केलं नाही.

टायपिंगची प्रत बघितल्याशिवाय छापू नका, असं मी बजावलं होतं. आमच्याकडच्या डीटीपीत ‘प्रसिद्ध’चं ‘प्रसिध्द’ होतं, फॉन्ट बदलताना ‘ऱ्या’मधला र गळतो. ३० तारखेला संध्याकाळी फोनवर पानाचा फोटो आला. ‘द्ध’ नीट होते, ‘कर्मचाऱ्यांना’ नीट होतं, ‘रविंद्र’ ऱ्हस्व होतं. आणि अवतरणात छापलं होतं: ‘ती सांगते काय दुखते आहे ते.’

दुकानात फोन लावला. ऑपरेटर खुशीत म्हणाला, “काका, तेवढी एक चूक तुमच्या नजरेतून सुटली होती. मी सुधारली.”

त्याचे आभार मानले आणि ‘सांगती’ परत टाकायला लावलं.