ऑफिसात बसलेले, ॲपच्या लेखी बाहेर

हजेरीचे नवे ॲप आले की कर्मचाऱ्यांच्या हातात एक माहितीपत्रक पडते. ॲप उघडा, लॉगिन करा, चेहरा दाखवा, ‘हजर’ दाबा. एवढे कुणालाही जमते. अडते ते पुढे. खुर्चीत बसलेल्या माणसाला ॲप सांगते, ‘तुम्ही कार्यालयाच्या परिसराबाहेर आहात.’ पत्रकात याबद्दल बहुधा अवाक्षर नसते.

अशा ॲपमध्ये कार्यालयाचा एक बिंदू नकाशावर नोंदलेला असतो आणि त्याभोवती, समजा, 100 मीटरचे वर्तुळ आखलेले असते. तुमचा फोन त्या वर्तुळात दिसला तरच हजेरी लागते. पण फोन आपली जागा अंदाजाने ठरवतो. उघड्यावर उपग्रहांचे संदेश नीट मिळतात आणि चूक काही मीटरचीच राहते. स्लॅबखाली ते क्षीण होतात. मग फोन वायफाय आणि मोबाइल टॉवरवर विसंबतो, आणि अंदाज बराच भरकटू शकतो.

समजा, तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये ॲप ‘240 मीटर दूर’ असे दाखवते आहे. आधी गूगल मॅप्स उघडा. निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळे वर्तुळ मोठे दिसत असेल, तर फोनलाच आपली जागा नक्की ठाऊक नाही. व्हरांड्यात किंवा अंगणात या, अर्धा-एक मिनिट थांबा. वर्तुळ आक्रसले की ॲपमध्ये लोकेशन रिफ्रेश करून हजेरी लावा.

उघड्यावरही फरक पडला नाही, तर परवानगी तपासा. अँड्रॉइड 12 पासून फोन अचूक जागा द्यायची की ढोबळ, हे विचारतो. घाईत ‘ढोबळ’वर बोट पडले, तर ॲपला सुमारे तीन चौरस किलोमीटरचा पट्टाच कळतो, त्यात कार्यालय सापडणार कसे? ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, ॲपच्या माहितीत जाऊन लोकेशनची परवानगी उघडा आणि `Use precise location` चालू करा.

आणि कार्यालयातल्या सगळ्यांनाच साधारण तेवढेच अंतर दिसत असेल, तर फोनशी खटपट करू नका. नोंदलेला बिंदूच चुकलेला असण्याची शक्यता जास्त. तो ॲप सांभाळणाऱ्या विभागानेच दुरुस्त करायचा असतो.

चेहऱ्याचे दुखणे त्यामानाने किरकोळ. खिडकीकडे पाठ असेल तर चेहरा काळवंडतो. तोंड उजेडाकडे करा.

रेंज नसताना काही ॲप हजेरी फोनमध्येच साठवून ठेवतात आणि नंतर पाठवतात. तोवर ‘पेंडिंग’ दिसते. अशा वेळी ‘ॲप काढून परत टाक’ हा शेजारच्या टेबलावरचा सल्ला महागात पडतो, कारण न पोहोचलेली हजेरी ॲपबरोबरच पुसली जाऊ शकते. `Clear cache` चालेल, `Clear data` नको. वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून त्याच दिवशी आस्थापना शाखेकडे द्या.