मुदत वाढवून मागताना

कोल्हापूरची माझी एक मैत्रीण न्यूयॉर्कच्या क्लायंटसाठी लहान मुलांच्या पुस्तकाची चित्रं काढत होती. काम अपवर्कवर, ठरलेल्या रकमेचं. दुसरा माइलस्टोन सहा चित्रांचा, तीनशे डॉलरचा, तारीख शुक्रवार, १२ जून. मधेच तापाने चार दिवस गेले आणि बुधवारी हातात चारच चित्रं होती. तिने मला दाखवलेल्या मजकुरात नऊ ओळी नुसत्या आजाराच्या आणि माफीच्या होत्या. नवी तारीख कुठेच नव्हती.

मी तिला आधी माइलस्टोनचा स्क्रीन उघडायला लावला. त्या माइलस्टोनचे पैसे क्लायंटने एस्क्रोमध्ये, म्हणजे मधल्या खात्यात, भरले होते. पैसे आधीच अडकवून बसलेल्या माणसाला मुख्यतः दोन गोष्टी कळायला हव्या असतात: काम कुठवर आलं आणि उरलेलं कधी मिळणार. म्हणून चिठ्ठी स्क्रीनवरच्याच शब्दांत लिहायची. माइलस्टोनचं नाव तिथे आहे तेच, रक्कमही तीच. क्लायंटला शोधाशोध करावी लागू नये.

शेवटी गेलेली चिठ्ठी इंग्रजीत होती. तिचा मजकूर असा: ‘दुसऱ्या माइलस्टोनमधली सहापैकी चार चित्रं तयार आहेत, सोबत जोडली आहेत. तापामुळे माझे चार दिवस गेले, त्याबद्दल माफी असावी. उरलेली दोन मंगळवार, १६ जूनला, तुमच्या वेळेनुसार संध्याकाळी सहापर्यंत देईन. रकमेत बदल नाही. चालणार असेल, तर माइलस्टोनची तारीख १६ जून कराल का?’

‘तुमच्या वेळेनुसार’ हे शब्द फार महत्त्वाचे. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. त्यांची मंगळवारची संध्याकाळ सहा म्हणजे आपली बुधवारची पहाट, साडेतीन. तारीखही आकड्यांत लिहू नये, महिन्याचं नाव लिहावं, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात. आपण ५/६ लिहून पाच जून म्हणतो, तिकडे तो सहा मे होतो.

अशा वेळी एक मोह होतो, तारीख गाठायला अर्धवट काम ‘सबमिट’ करून टाकायचा. तसं करू नये. सबमिट केलं की क्लायंटचे तपासणीचे चौदा दिवस सुरू होतात. त्यात त्याने काहीच केलं नाही, तर रक्कम मंजूर धरली जाते. अपुऱ्या कामावर ते घड्याळ सुरू केलं, तर तो फसवणूकच समजेल. म्हणून तयार चित्रं चॅटमधून, नमुना म्हणून दिली.

तासाभरात उत्तर आलं, ‘ठीक आहे.’ तारीख मात्र स्क्रीनवर बारा जूनच दिसत होती. पुढे वाद झालाच, तर जुनी तारीख तशीच राहिलेली बरी नव्हे. मैत्रिणीला पुन्हा विचारायचा संकोच वाटत होता. तरी तिने एका ओळीत आठवण केली आणि रात्री झोपण्यापूर्वी स्क्रीनवर १६ जून दिसलं.