देखणं चित्र, चुकीची साडी

समजा, येवल्यातल्या एका पैठणी विक्रेत्याला दिवाळीच्या आत बारा साड्यांचा ऑनलाइन कॅटलॉग तयार करायचा आहे. प्रत्येक साडी तीन ठिकाणी दिसायला हवी: वाड्याच्या ओसरीत, दगडी कमानीपाशी आणि साध्या फिकट भिंतीपुढे. म्हणजे एकूण ३६ चित्रं. एरवी यासाठी वाडा भाड्याने घ्यावा लागला असता आणि छायाचित्रकाराचे दोन-तीन दिवस मोडले असते. आता चित्रं तयार करणाऱ्या एआयला कामाला लावलं, तर एका रात्रीत प्रत्येक जागेसाठी आठ-आठ पर्याय मिळतात. सकाळी फोल्डरमध्ये २८८ चित्रं येऊन पडलेली असतात आणि त्यातली बहुतेक देखणी असतात. खरं काम तिथून सुरू होतं, कारण यातली किती चित्रं विकायला ठेवलेल्या साडीचीच आहेत, हे अजून कुणी पाहिलेलं नसतं.

पैठणीचं उदाहरण मुद्दाम घेतलंय. तिच्या काठापदरात एकच आकृती अनेकदा, ठरावीक अंतराने येते. मुनिया काठात पोपटांची रांग असते, बांगडीमोराच्या पदरात बांगडीसारख्या गोलात मोर बसलेले असतात. एआयला नेमकं हेच जमत नाही. ही प्रणाली निव्वळ ठिपक्यांच्या गोंगाटापासून सुरुवात करते आणि टप्प्याटप्प्याने तो गोंगाट कमी करत चित्राकडे येते. इथे काय शोभेल, याचा अंदाज ती करते, मोजत नाही. शिवाय अशा बऱ्याच प्रणाली मूळ चित्रावर थेट काम न करता त्याच्या आकसलेल्या रूपावर करतात. ऑगस्ट २०२२मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या स्टेबल डिफ्यूजनमध्ये ५१२ पिक्सेल रुंदीचं चित्र आत ६४ घरांच्या रुंदीत बसवलं जातं. बाहेर येताना त्यातला बारकावा पुन्हा रचावा लागतो. चेहऱ्याच्या मऊ छटांना ते चालून जातं. जरीत विणलेल्या मुनियाची लाल चोच मात्र एखादीला मिळते, शेजारचीला मिळत नाही, आणि पुढे दोन पोपट एकमेकांत विरघळतात. नव्या प्रणाली पुष्कळ सुधारल्या आहेत, पण बारीक आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीत त्या आजही चुकतात.

म्हणून जाणकार माणूस पहिला निर्णय घेतो तो काय तयार करायचं नाही याचा. घडी घातलेल्या साडीचा फोटो देऊन ‘ही एखाद्या बाईला नेसव’ असं एआयला सांगितलं, तर ती पूर्ण कापड नव्याने रंगवते. त्यापेक्षा घरातल्या किंवा दुकानातल्या कुणाला तरी, तिच्या संमतीने, साडी नेसवून खिडकीच्या उजेडात खरा फोटो काढावा. मग साडी, चेहरा आणि हात झाकून घ्यावेत. या झाकणाऱ्या थराला मास्क म्हणतात. एआयला फक्त मागची जागा रंगवायला द्यावी. यातही एक खोच आहे. मास्कखालचा भागसुद्धा आकसून पुन्हा फुलवला गेलेला असू शकतो, त्यामुळे न रंगवलेली जरही किंचित बदलते. यावर उपाय म्हणजे चित्र तयार झाल्यावर मूळ फोटोतली साडी जशीच्या तशी वर चिकटवायची. ही पायरी गाळली की काठ ‘जवळजवळ तसाच’ दिसतो, आणि जवळजवळ तसाच काठ पटकन डोळ्यांत भरत नाही.

त्यानंतर साचा. सूचनेचा मोठा भाग सर्व साड्यांसाठी एकच ठेवायचा: कॅमेऱ्याची उंची, उजेड कुठल्या बाजूने, जमीन कसली, चौकटीत वर किती जागा सोडायची. बदलतो फक्त साडीचा क्रमांक, जागा आणि सीड. सीड हा सुरुवातीचा गोंगाट ठरवणारा आकडा असतो. तीच प्रणाली, तीच सूचना आणि तोच सीड असला, तर साधारण तेच चित्र पुन्हा मिळवता येतं. म्हणून फाइलच्या नावातच तो लिहून ठेवतात आणि प्रत्येक चित्रामागे तक्त्यात एक ओळ असते:

```
sari,scene,seed,file,status,reason
P07,osari,1187,P07_osari_1187.png,R,A2
P07,osari,1188,P07_osari_1188.png,OK,
```

इथे `R` म्हणजे नापास आणि `A2` हा कारणाचा क्रमांक. त्याच्याकडे पुढे येऊ.

आठच पर्याय का? इथे थोडं गणित उपयोगी पडतं. दर तीनांतलं एक चित्र पास होतं असं मानलं, तर आठही नापास होण्याची शक्यता सुमारे ४ टक्के येते. ३६ जागांपैकी एखाद-दुसरी रिकामी राहील आणि तेवढ्यापुरती पुन्हा बॅच काढता येईल. पण दहांतलं एकच पास होत असेल, तर आठही वाया जाण्याची शक्यता ४३ टक्क्यांवर जाते आणि १५-१६ जागा रिकाम्या राहतात. अशा वेळी आठाचे चाळीस करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. सूचनेत किंवा मास्कमध्ये दोष असेल, तर चाळीसही चित्रांत तोच दोष उतरतो. म्हणून आधी एकाच साडीची लहान बॅच काढून पास होण्याचं प्रमाण पाहायचं आणि मगच रात्रभराचं काम लावायचं.

निवड तीन फेऱ्यांत करतात, आणि या फेऱ्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. पहिली फेरी ढोबळ असते. फाइलचा आकार, लांबी-रुंदी, एकच चित्र दोनदा आलंय का, हे संगणकच तपासतो. मग सगळी चित्रं नखाएवढी करून एका पडद्यावर मांडायची आणि उघड बिघडलेली काढून टाकायची: कमान तिरपी झालेली, ओसरीत भलताच माणूस उभा राहिलेला, भिंतीवर कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं उमटलेली. आपल्या उदाहरणात, मानू या, २८८पैकी १९० उरली.

दुसरी फेरी सर्वांत संथ. आता प्रत्येक चित्र १०० टक्के आकारात, मूळ फोटोशेजारी ठेवून पाहायचं. ‘साडी बरोबर आहे का?’ असा प्रश्न चेकलिस्टमध्ये असून भागत नाही. त्याला दमलेला माणूस ‘हो’च म्हणतो. प्रश्न बोट ठेवून विचारलेले हवेत. A1: पदराच्या टोकापासून पहिल्या पाच आकृत्या मूळ फोटोशी जुळतात का? A2: कापड मास्कच्या बाहेर वाढलंय का? हा दोष पार्श्वभूमी रंगवताना वारंवार दिसतो. एआयला साडीची कड दिसते आणि ती पुढे तसंच कापड रंगवत जाते. पदर वीतभर लांबतो किंवा कमरेमागून एक नसलेली नीर निघते. चित्र त्यामुळे उलट अधिक डौलदार दिसतं, म्हणून नजर फसते. A3: पदराचे गोंडे, मोकळे केस आणि हात व कंबर यांच्यामधली फट इथे मागच्या जुन्या भिंतीची पांढरट कड उरलीय का? A4: पावलांखाली सावली आहे का? सावली नसली की उभी बाई जमिनीपासून वर तरंगल्यासारखी दिसते. A5: रंग. धूपछाव पोतात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे वळणावळणावर रंग पालटतो. प्रणालीला नव्या जागेच्या उजेडाप्रमाणे साडीही ‘जुळवून’ घ्यायला सांगितलं, तर ही पालट पुसली जाते आणि जांभळा-हिरवा खेळ सपाट जांभळा होतो. इथे दोन गोष्टींत ओढाताण आहे. साडीचा रंग खरा ठेवला तर ती पार्श्वभूमीपासून किंचित सुटी वाटते. मिसळून घेतली तर रंग खोटा होतो. विकणाऱ्याने रंगाची बाजू घ्यावी आणि जागाच अशा निवडाव्यात, जिथला उजेड मूळ फोटोसारखा मऊ आणि त्याच बाजूने येणारा असेल.

या पाचांपैकी एकाही प्रश्नात चित्र अडकलं, तर ते बाद. इथे गुणांची बेरीज करायची नसते. बेरीज केली की उजेडाला नऊ, मांडणीला नऊ आणि काठाला तीन मिळालेलं चित्रही वर येतं. तांदूळ निवडताना आधी खडे काढतात, दाणा किती लांब आहे ते नंतर पाहतात, तसंच हे. या फेरीनंतर समजा ९६ चित्रं उरली.

तिसऱ्या फेरीत एकेक चित्र न पाहता संच पाहायचा. आता बारा साड्यांची ओसरीतली चित्रं शेजारी शेजारी लावायची. जमिनीची रेघ सर्वांत साधारण एकाच उंचीवर आहे का? बाई चौकटीत तेवढीच मोठी दिसते का, की एका चित्रात खांब तिच्या दुप्पट आणि दुसऱ्यात खांद्याएवढा आहे? उजेड एकीत डावीकडून आणि दुसरीत उजवीकडून तर नाही ना? एकट्याने निर्दोष असलेलं चित्र या रांगेत उपरं ठरू शकतं. जो संच एकत्र बसतो तो ठेवायचा, आणि ‘मला हे जास्त आवडलं’ म्हणायची मुभा अगदी शेवटी, उरलेल्या दोन-तीन पर्यायांतच घ्यायची.

दोन सावधगिऱ्या. तपासणारा एकच असेल, तर शे-दीडशे चित्रांनंतर त्याची नजर सैल पडते. म्हणून मधल्या तीसेक चित्रांवर दुसऱ्या माणसाने, पहिल्याचे शेरे न पाहता, तीच चेकलिस्ट चालवावी. एखाद्या प्रश्नावर दोघांचे शेरे वारंवार वेगळे पडले, तर दोष बहुधा प्रश्नाच्या शब्दांत असतो आणि तो अधिक नेमका करून घ्यावा लागतो. दुसरं, कारणांचे क्रमांक मोजावेत. नापास झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक A2चे निघाले, तर मास्कची कड नीट काढून पुढची बॅच लावायची. A4चे जास्त निघाले, तर मूळ फोटोच पावलांसकट आणि खऱ्या सावलीसकट पुन्हा काढायचा. कारण न लिहिता नुसती डिलीट केलेली चित्रं यातलं काहीच सांगत नाहीत. प्रणालीची आवृत्तीही याच तक्त्यात नोंदवावी, कारण ती बदलली की मार्चमध्ये आलेल्या तेराव्या साडीला दिवाळीतली ओसरी पुन्हा मिळत नाही.

चेकलिस्ट सगळं पकडत नाही. कापडाचं वजन आणि सळसळ कुठल्याच चित्रात येत नाही. हातमागाची पैठणी मागून-पुढून जवळपास सारखी दिसते, ही तिची ओळखही समोरून घेतलेल्या फोटोत लपते. म्हणून या ३६ चित्रांच्या जोडीला प्रत्येक साडीचे दोन फोटो एआयचा हातही न लागलेले असावेत: दिवसाउजेडी जवळून घेतलेला पदर आणि त्याची मागची बाजू. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल जाहिरातीत दाखवलेल्या वैशिष्ट्यांचा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. पदर वीतभर लांबलेलं एकच चित्र तपासणीतून निसटलं, तर पार्सल परत येण्याचा खर्च त्या रात्रीच्या सगळ्या बॅचपेक्षा जास्त पडू शकतो.