'केलं', 'करलं' आणि पुन्हा 'केलं'

दोन वर्षांचे मूल 'बाबांनी केलं' असे अचूक बोलते. काही महिन्यांनी तेच मूल 'बाबांनी करलं' म्हणू लागते आणि पुढे केव्हातरी पुन्हा 'केलं'वर स्थिरावते. आधी बरोबर, मग चूक, नंतर पुन्हा बरोबर, असा हा प्रवास कागदावर रेखला तर इंग्रजी 'यू' या अक्षराची आकृती दिसते. घरातील वडीलधाऱ्यांना यात पीछेहाट दिसते. भाषेच्या अभ्यासकांना मात्र यात बालमनाच्या कामाची एक दुर्मिळ खूण सापडली, आणि तिच्या अर्थाविषयी त्यांचा वाद गेली अनेक दशके चालू आहे. तो वाद येथे उलगडून सांगण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

'करलं' हे रूप मुलाने कोणाकडून ऐकले? बहुधा कोणाकडूनच नाही. त्याने 'भरलं', 'धरलं', 'सरलं', 'ठरलं' ही रूपे ऐकली आणि त्यांच्यातील धागा ओळखून तो 'कर' या धातूलाही लावला. नियम जेथे लागू नाही तेथेही तो लावण्याच्या या प्रवृत्तीला अतिनियमितीकरण म्हणतात. मूल केवळ ऐकलेले परत म्हणत नाही, हे यावरून उघड होते. 1958 साली जीन बर्को या संशोधिकेने हेच प्रयोगाने दाखविले. तिने मुलांना चित्रे दाखवून 'रिक' यांसारखी बनावट क्रियापदे सांगितली आणि 'काल त्याने काय केले?' असे विचारले. शब्द पूर्वी कधीही न ऐकलेला असूनही पुष्कळ मुलांनी 'रिक्ड' असे भूतकाळाचे रूप तयार केले.

तथापि, मुलाच्या मनात हा नियम कोणत्या स्वरूपात असतो, याविषयी दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष जन्मजात भाषाक्षमता मानणाऱ्यांचा. स्टीव्हन पिंकर आणि त्यांचे सहकारी यांच्या मते मनात दोन यंत्रणा असतात. एक स्मृती, जिच्यात 'केलं'सारखी अपवादात्मक रूपे साठविलेली असतात. दुसरी नियम, जो कोणत्याही धातूला प्रत्यय जोडू शकतो. स्मृतीतून अपवाद सापडला की नियम थांबतो. स्मृती अजून कच्ची असेल आणि अपवाद वेळेवर आठवला नाही, तर नियम मोकळा सुटतो आणि 'करलं' बाहेर पडते. अपवाद आठवल्यावर नियमाने थांबावे, ही व्यवस्था मुलाला कोणी शिकवीत नाही. ती उपजतच असावी, असे या पक्षाचे म्हणणे आहे.

दुसरा पक्ष उपयोगाधारित मांडणीचा. मायकेल टोमासेलो, एलेना लीव्हन आदी अभ्यासक म्हणतात की, मूल शब्दाशब्दाने शिकते. ज्या रूपांचा साचा अनेक शब्दांत भेटतो तो बळकट होतो, आणि जे रूप वारंवार कानी पडते ते स्वतःच्या बळावर टिकते. 'केलं' आणि 'करलं' यांच्यात एक स्पर्धा चालते आणि ऐकण्याच्या वारंवारतेवर तिचा निकाल लागतो. त्यासाठी स्वतंत्र नियमयंत्र मानण्याची गरज नाही. या विचाराला जवळचे असे एक संगणकीय प्रारूप 1986 साली रुमेलहार्ट आणि मॅकक्लेलंड यांनी बांधले. त्यांनी त्याला प्रथम अवघी 10 इंग्रजी क्रियापदे शिकविली, त्यांतील बहुतेक अपवादात्मक. मग आणखी 410 दिली, त्यांतील बहुतेक नियमित. कोणताही नियम न भरवता त्या प्रारूपाने मुलांसारख्याच चुका केल्या. परंतु ही घसरण क्रियापदांचा पूर एकाएकी सोडल्यामुळे झाली आणि खऱ्या मुलाच्या कानावर शब्द असे येत नाहीत, ही पिंकर व प्रिन्स यांची 1988 मधील टीका वजनदार ठरली.

वादाला पुरावा हवा होता. 1992 साली गॅरी मार्कस आणि सहकाऱ्यांनी 83 इंग्रजीभाषक मुलांच्या बोलण्याच्या नोंदी तपासल्या. त्यांतील अॅडम या मुलाच्या नोंदी रॉजर ब्राउन यांनी पूर्वी जमविल्या होत्या. तो आधी अनेक महिने अपवादात्मक रूपे बरोबर वापरीत होता. 2 वर्षे 11 महिन्यांचा असताना त्याच्या तोंडून 'फेल्ट'ऐवजी 'फील्ड' ही पहिली चूक नोंदली गेली. साधारण त्याच सुमारास तो नियमित क्रियापदांनाही भूतकाळाचा प्रत्यय सातत्याने लावू लागला होता. सर्व मुलांचा विचार करता चुकांचे मध्यक प्रमाण मात्र अवघे 2.5 टक्के निघाले. म्हणजे ही आकृती खोल दरीसारखी नसून उथळ खळग्यासारखी आहे. चुकीच्या काळातही मूल बहुतांश वेळा बरोबरच बोलते. दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात.

याच अभ्यासातील एक निष्कर्ष दोन्ही पक्षांना वेगळे करतो. आईवडील जी अपवादात्मक रूपे जास्त वापरतात त्यांत मुले कमी चुकतात. हे दोन्ही पक्षांना मान्य होण्यासारखे आहे. पण सारख्या नादाची नियमित क्रियापदे अपवादाला आपल्याकडे ओढतात का? मराठीत सांगायचे तर 'भरलं', 'धरलं' यांच्या शेजारामुळे 'करलं' अधिक होते का? केवळ साम्यावर सारे चालत असेल तर तसे व्हायला हवे. इंग्रजी मुलांत अशी ओढ दिसली नाही. उलट सारख्या नादाचे अपवाद मात्र एकमेकांना सांभाळताना दिसले. नियमयंत्र स्मृतीहून वेगळे आहे, या म्हणण्याला यामुळे आधार मिळाला.

प्रतिपक्षाचे उत्तरही विचारात घेण्याजोगे आहे. मायकेल मॅराट्सोस यांनी 2000 साली सरासरीतील फसगत दाखविली. ती समजण्यासाठी आम्ही एक काल्पनिक हिशेब मांडतो. मुलाने एक परिचित क्रियापद 100 वेळा वापरले आणि 1 वेळ चुकले. दुसरे विरळ क्रियापद 4 वेळा वापरले आणि 2 वेळा चुकले. एकूण 104 पैकी 3 चुका, म्हणजे जेमतेम 3 टक्के. पण विरळ शब्दापुरते पाहिले तर निम्म्या वेळा चूक. अपवाद सापडताच नियम थांबत असेल, तर मूल एखाद्या शब्दात इतका काळ का घुटमळते? पुढे 2004 मध्ये लीव्हन आणि टोमासेलो यांच्या गटाने एकाच मुलाच्या अतिशय दाट नोंदी तपासल्या, तेव्हाही शब्दाशब्दांत मोठा फरक आढळला.

आमच्या मते दोन्ही तराजूंत खरे वजन आहे. चूक केव्हा सुटते, हे त्या त्या शब्दाच्या ऐकण्यावर ठरते. येथे उपयोगाधारित पक्ष सरस वाटतो. मात्र कधीही न ऐकलेल्या शब्दाला मूल निःशंकपणे प्रत्यय लावते आणि नादसाम्याची ओढही त्याच्यावर दिसत नाही, याचा उलगडा नियम मानणाऱ्यांकडे अधिक सरळ आहे. तो नियम उपजत की अनुभवातून घडलेला, हे केवळ या चुकांवरून ठरविता येत नाही. शिवाय येथील पुरावा मुख्यतः इंग्रजीचा आहे, जिथे नियमित प्रत्ययाचेच प्राबल्य आहे, याचेही भान हवे.

पालकांनी यावर काय करावे? ब्राउन आणि हॅनलन यांना 1970 साली आढळले की, आईवडिलांची पसंती मुलाच्या व्याकरणावर नव्हे, तर विधानाच्या खरेपणावर अवलंबून असते. तरीही चुका सरतात. पुढे चुइनार्ड आणि क्लार्क यांनी 2003 मध्ये दाखविले की, मोठी माणसे मुलाचे चुकलेले वाक्य सहज बरोबर करून परत म्हणतात आणि मुले त्याची दखल घेतात. 'मी करलं' असे मूल म्हणाले की, 'हो का, तू केलंस?' एवढे पुरे. त्यातून 'केलं' आणखी एकदा कानी पडते, आणि पुढच्या वेळी ते आठवण्याची शक्यता तेवढीच वाढते.